नऊ दिवस एकच टिक: वेंगुर्ल्यातल्या वाचनालयात मेसेजचा प्रवास समजावून सांगताना

मी टेलिफोनच्या केबल जोडायचं काम बावीस वर्षं केलंय, आधी तांब्याच्या आणि नंतर फायबरच्या. आता गावी वेंगुर्ल्याला असतो. आमच्या इथल्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी चारला ज्येष्ठ मंडळी जमतात, बारा-चौदा जण असतात, त्यांना फोनबद्दल काय विचारायचं ते मला विचारतात. हे प्रकरण त्यातल्या एका आजींचं आहे, आणि ते नीट लिहून ठेवतोय कारण "मेसेज जातो कसा" हे समजावताना नेमकं काय लागू पडलं आणि काय नाही ते मला यातूनच कळलं.

आजींचा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे, मालवाहू बोटीवर. आपल्याकडे घरटी एक तरी माणूस बोटीवर असतो म्हणा. रविवारी संध्याकाळी त्यांनी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की शेजारच्या आबांचं ऑपरेशन नीट पार पडलं, काळजी करू नको. एक टिक आली. सोमवारी पण एकच. मंगळवारी त्यांनी तोच मेसेज परत पाठवला, बुधवारी परत, मग एक फोटो, मग "अरे बोल तरी" असं. सगळ्यांवर एकच टिक. शेजारची कोणीतरी म्हणाली की एक टिक म्हणजे समोरच्याने ब्लॉक केलंय, आणि तिथून आजींचं जेवण सुटलं. शनिवारी त्या वाचनालयात आल्या, फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "त्येना माका ब्लॉक केल्यान काय रे? तसा काय असला तर सांग माका."

तेव्हा सातवा दिवस होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ब्लॉक केलं तरी एकच टिक राहते आणि समोरचा फोन बंद असला, त्याला नेट नसलं तरी पण एकच टिक राहते. टिककडे बघून दोन्हीतला फरक सांगता येत नाही. एवढंच मी त्यांना सांगितलं आणि म्हटलं की मेसेज सध्या कुठे आहे हे मात्र मी तुम्हाला नक्की दाखवू शकतो.

त्यांचा खरा घोळ टिकांचा नव्हताच. तिथे बसलेल्या जवळपास सगळ्यांच्या मनात असं चित्र होतं की मेसेज एका फोनमधून उडतो आणि थेट दुसऱ्या फोनमध्ये उतरतो. दोघांच्या मते तो वर सॅटेलाइटला जाऊन येतो. हे चित्र डोक्यात असलं की मेसेज एकतर पोचला नाहीतर हरवला, मधलं काहीच नाही. आणि मग न पोचलेल्या मेसेजचा अर्थ एकच निघतो, की समोरच्याला तो नकोय.

आधी मी फळ्यावर काढून दाखवायला गेलो. टॉवर, एक्सचेंज, सर्व्हर, बाण, सगळं काढलं, दहा मिनिटांत दोघांनी पेपर उघडला. ते चूक नव्हतं पण आजींच्या प्रश्नाला ते कुठेच चिकटत नव्हतं. मग फळा पुसला आणि टेबलावर दोन फोन शेजारी शेजारी ठेवले, एक माझा आणि एक निवृत्त गुरुजींचा. दोघांमध्ये अंतर एक वीतभर.

पहिल्यांदा दोन्ही फोन चालू ठेवून मी गुरुजींना "नमस्कार" पाठवला. दोन टिका, लगेच, सेकंद पण लागला नाही. मग गुरुजींचा फोन एरोप्लेन मोडवर टाकला आणि परत पाठवला. इथे एक गोष्ट आधी फसली, एरोप्लेन मोड टाकूनही दोन टिका आल्या, कारण त्यांच्या फोनचं वायफाय चालूच राहिलं होतं आणि वाचनालयाचं वायफाय त्याला मिळत होतं. ते बंद केलं. कोणाला हा प्रयोग करून बघायचा असेल तर ही काळजी घ्या, आणि ज्याला मेसेज पाठवणार त्याचं व्हॉट्सअ‍ॅप कॉम्प्युटरवर उघडं असेल तर ते पण बंद करा, नाहीतर मेसेज तिथे उतरतो आणि दोन टिका येतात.

आता एक टिक आली आणि थांबली. सगळे वाकून बघत होते. त्यावर आजीच म्हणाल्या, "दोनय फोन हयच आसत, मगे अडकलो खय?"

मी काही बोललो नाही. माझा फोन, म्हणजे ज्याच्यावरून मेसेज पाठवला तो, पूर्ण स्विच ऑफ केला आणि काळी स्क्रीन सगळ्यांना दाखवली. मग तो फोन कपाटात पुस्तकांमागे ठेवला. आणि गुरुजींना म्हटलं आता तुमचा एरोप्लेन मोड काढा. त्यांनी काढला, नेटवर्क यायला आठ-दहा सेकंद गेले, आणि टिंग झालं. माझा मेसेज त्यांच्या फोनवर आला, माझा फोन कपाटात बंद पडलेला असताना.

हा क्षण सगळ्यात कामाचा ठरला. माझा फोन तर बंद होता, मग मेसेज दिला कोणी? म्हणजे तो माझ्या फोनमधून आधीच निघून गेला होता, गुरुजींच्या फोनमध्ये नव्हता, आणि मध्ये कुठेतरी सांभाळून ठेवलेला होता. हे मला सांगावं लागलं नाही, माजी पोस्टमन काका पटकन म्हणाले, "म्हणजे मधी पोस्ट आहे." बरोबर. एक टिक म्हणजे मेसेज त्या मधल्या पोस्टात पोचला. दोन टिका म्हणजे समोरच्या फोनपर्यंत पोचला. निळ्या झाल्या म्हणजे त्याने तो उघडला, अर्थात कोणी सेटिंगमध्ये निळ्या टिका बंद करून ठेवल्या असतील तर वाचूनही राखाडीच राहतात. आणि मग शेवटचा प्रयोग केला, माझा फोन चालू करून मीच एरोप्लेन मोडवर गेलो आणि पाठवला, तेव्हा टिक आलीच नाही, बारकं घड्याळ आलं. घड्याळ म्हणजे मेसेज अजून माझ्याच हातात आहे, घराबाहेर पडलेलाच नाही.

आता इथे एक प्रश्न आला जो मला फार आवडला. काकांनी विचारलं, की फोन एक वीतभर अंतरावर असताना मधल्या पोस्टात जायचंच कशाला, सरळ द्यायचा ना. याचं कारण असं की आपल्या फोनला इंटरनेटवर स्वतःचा असा कायमचा पत्ता बहुधा नसतो. मोबाइल कंपनीकडे बाहेरचे पत्ते थोडे आणि गिऱ्हाइकं भरमसाट, त्यामुळे एकाच बाहेरच्या पत्त्यामागे कितीतरी फोन दाटीवाटीने असतात, आणि फोन बंद-चालू केला, वायफायवर गेला की पत्ता परत बदलतो. बाहेरून कोणी गुरुजींचा फोन शोधत आला तर त्याला दार सापडणारच नाही. म्हणून उलटं करतात. प्रत्येक फोन स्वतःहून जाऊन मधल्या मशीनला, म्हणजे सर्व्हरला, सांगतो की मी इथे आहे, माझं काही आलंय का, आणि ती लाइन उघडी ठेवतो. त्या सर्व्हरचा पत्ता पक्का असतो. मेसेज तिथे जातो आणि त्या उघड्या लाइनवरून खाली उतरतो. फोनची लाइन तुटली की सर्व्हर थांबतो, मेसेज टाकून देत नाही. व्हॉट्सअ‍ॅप असा न पोचलेला मेसेज ३० दिवस ठेवतं, त्यानंतर पुसून टाकतं.

आजींनी हा आकडा दोनदा विचारून घेतला. तीस दिवस. सात झाले होते.

पुढच्या शनिवारी मी रस्ता दाखवायचं ठरवलं होतं. घरातून दहा मीटरची फायबरची दोरी आणली, जोडकामात वापरतात ती, आणि लाल लाइटचा पेन, ज्याने आम्ही फायबर कुठे तुटलंय ते बघायचो. दोरीचं एक टोक टेबलावर, दुसरं टोक कपाटांना वळसा घालून दारापाशी बसलेल्या काकूंच्या हातात. पेन लावला तर तिकडे काकूंच्या बोटांत लाल ठिपका पेटला. दोरी दोन ठिकाणी वळली होती तरी प्रकाश आतल्या आत वळत गेला. मग जुन्या तुकड्याचं प्लॅस्टिक सोलून आतली काच दाखवली. ती केसाएवढी असते, १२५ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा, आणि तिच्याही मधल्या बारीकशा गाभ्यातून प्रकाश जातो. खऱ्या लाइनमधला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, तरी डोळ्याला त्रास होऊ शकतो, म्हणून तोडलेल्या चालू केबलच्या टोकात कधी डोकावू नये हे पण तिथेच सांगितलं.

म्हणजे मेसेज हवेतून किती जातो, तर फोनपासून टॉवरपर्यंत, एखाद दोन किलोमीटर, फार तर थोडा जास्त. टॉवरच्या पायथ्याशी तो बहुतेक ठिकाणी फायबरमध्ये शिरतो (डोंगराच्या आड असलेल्या काही टॉवरना पुढचा टप्पा गोल डिशने परत हवेतून असतो) आणि मग रस्त्याच्या कडेने, जमिनीखालून, मोठ्या शहरातल्या कंपनीच्या यंत्रणेपर्यंत जातो, तिथून सर्व्हरकडे. सर्व्हर दुसऱ्या देशात असेल तर समुद्राखालच्या केबलने. मुंबईत वर्सोव्याला अशा बऱ्याच केबल किनाऱ्याला लागतात, आणि खंडाखंडांतली जवळजवळ सगळी वाहतूक या केबलांतूनच होते, सॅटेलाइटचा वाटा अगदी थोडा. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. इथून मुंबई ५०० किलोमीटर धरली तर अडीच मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा चारशेवा भाग. डोळ्याची पापणी लवेपर्यंत तो कितीतरी वेळा जाऊन येईल.

आजींचा मुलगा मात्र बोटीवर, आणि बोटीला मागे दोरी बांधता येत नाही. तिथे सॅटेलाइट खरंच लागतो. पूर्वीपासून वापरात असलेले सॅटेलाइट ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहेत, वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो, आणि ते नेट महाग आणि मोजून मिळणारं असतं. बोटीवरची डिश सॅटेलाइटकडे नीट रोखलेली राहायला लागते, ती बिघडली तर सगळ्या बोटीचं नेट गेलं. म्हणजे ज्यांना वाटत होतं की आपला मेसेज सॅटेलाइटने जातो त्यांचं आपल्यासाठी चूक होतं पण आजींच्या मेसेजच्या शेवटच्या टप्प्यासाठी बरोबर होतं, आणि गडबड त्याच टप्प्यात होती. वेंगुर्ल्यापासून सर्व्हरपर्यंतचा अख्खा रस्ता ठीक होता, एक टिक तेच सांगत होती.

या दुसऱ्या शनिवारच्या आधीच, मधल्या सोमवारी, उत्तर आलेलं होतं. बोट बंदराला लागली, त्याने तिथलं नेट घेतलं आणि आईचे सगळे मेसेज एकामागून एक आले, तोच मेसेज तीनदा, "अरे बोल तरी" चारदा. घाबरून त्यानेच फोन केला की घरी झालं काय. बोटीवरचं नेट बंद पडलं होतं एवढंच. आम्ही आजींच्या फोनवर पहिला मेसेज दाबून धरला आणि इन्फो उघडलं, तिथे कधी पोचला आणि कधी वाचला याची तारीख-वेळ असते. रविवारी पाठवलेला मेसेज नवव्या दिवशी दुपारी पोचला होता आणि दोनच मिनिटांत वाचला होता. आजींनी ती दोन मिनिटं बोटाने दाखवली, सगळ्यांना, प्रत्येकाच्या जवळ जाऊन.

फोटोचं मात्र वेगळं झालं होतं, मेसेजला दोन टिका पण फोटो त्याला धूसर दिसत होता. नेटवरून सगळं लहान लहान तुकडे करून पाठवलं जातं, त्या तुकड्याला पाकीट म्हणू. साधा मजकूर अगदी लहान असतो, एका पाकिटात बसतो. फोटो दीडशे केबीचा धरला आणि एका पाकिटात १४०० बाइट मावतात असं धरलं तर ११० पाकिटं होतात. हे दाखवायला मी एका मासिकाचं जुनं कव्हर कापून बारा तुकडे केले, मागे नंबर घातले, आणि टेबलाच्या दोन बाजूंनी हातोहात पलीकडे पाठवले. क्रम मोडून पोचले तरी नंबर बघून काकूंनी लावले. सातवा मी मुद्दाम खिशात ठेवला होता. काकू म्हणाल्या सात नाही आला. तेव्हा मी सातव्याची दुसरी प्रत दिली. असंच होतं, पलीकडचं यंत्र आलेल्या पाकिटांची पोच देतं, जे राहिलं ते परत पाठवलं जातं, आणि म्हणून नेट खराब असलं तर फोटो अर्धवट फाटून येत नाही, उशिरा येतो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटो वेगळा ठेवला जातो आणि मेसेजबरोबर जाते ती फक्त तो कुठून घ्यायचा याची चिठ्ठी आणि त्याची किल्ली. चिठ्ठी पोचली की दोन टिका. फोटो समोरच्याने दाबल्यावर उतरतो, आणि बंदरावरचं मोजकं नेट वाचवायला त्याने दाबलाच नव्हता.

मग साहजिकच विचारलं गेलं की मधल्या पोस्टात नऊ दिवस पडून असलेलं पत्र कोणी वाचलं असेल तर. याला खटक्याच्या कुलपाचं उदाहरण चाललं, जे दाबून बंद करता येतं पण उघडायला किल्ली लागते. मुलाच्या फोनने अशी बरीच उघडी कुलपं आधीच सर्व्हरकडे देऊन ठेवलेली असतात, किल्ल्या मात्र स्वतःच्या फोनमध्येच. आजींचा फोन त्यातलं एक कुलूप मागवून घेतो, पेटी बंद करतो आणि पाठवतो, म्हणूनच तो बोटीवर नेटशिवाय असतानाही पेटी बंद होऊ शकते. सर्व्हरकडे कुलूप असतं, पेटी असते, किल्ली नसते. व्हॉट्सअ‍ॅपने हे २०१६ पासून सगळ्यांसाठी केलंय. सर्व्हरला एवढं कळतं की कोणी कोणाला कधी पाठवलं, आत काय आहे ते कळत नाही. पण हे कुलूप फक्त वाटेपुरतं आहे हे मी तीनदा सांगितलं. तुमचा उघडा फोन दुसऱ्याच्या हातात गेला तर कुलपाचा उपयोग नाही, आणि पोलीस म्हणून कोणी धमकीचा मेसेज टाकला तर तो पण असाच कुलूपबंद, सुरक्षित, शाबूत पोचतो. कुलूप असलं म्हणून पाठवणारा खरा ठरत नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे याचा अजून एक उपयोग झाला. जुलैमध्ये एका दुपारी कितीतरी जणांच्या मेसेजवर घड्याळ अडकलं, आणि फोनवर नेटवर्कच्या काड्या तर पूर्ण भरलेल्या. मला फोनवर फोन, की काड्या आहेत मग जात का नाही. काड्या फक्त फोन ते टॉवर एवढंच सांगतात, टॉवरच्या मागे काय चाललंय ते त्यांना माहीत नसतं. त्या दिवशी रस्त्याच्या कामात जेसीबीने जमिनीखालची केबल तोडली होती. टॉवर उभा, वीज चालू, हवेतला टप्पा झकास, आणि पुढचा रस्ताच नाही. काड्याच गेल्या तर गोष्ट वेगळी, तेव्हा बहुतेक वीज जाऊन टॉवरची बॅटरी संपलेली असते. काड्या भरलेल्या, घड्याळ हलत नाही आणि शेजारच्याचं पण तसंच, तर केबल. फक्त तुमच्या एकट्याचं तसं असेल तर आधी डेटा संपलाय का बघा, मग फोन एकदा एरोप्लेन मोडवर टाकून काढा. डेटा संपला असेल तर साधा एसएमएस जातो कारण त्याला नेट लागत नाही, पण केबल तुटली असेल तर तो पण जाईल याचा भरवसा धरू नये.

उलट बाजूचा एक त्रास गुरुजींना होता, लोकांचे मेसेज त्यांना व्हॉट्सअ‍ॅप उघडल्यावरच यायचे, तोवर पाठवणाऱ्याला एक टिक. त्यांच्या फोनचं बॅटरी सेव्हर मागे चालणारी अ‍ॅप झोपवून ठेवत होतं, म्हणजे ती उघडी लाइनच बंद होत होती. सेटिंगमध्ये व्हॉट्सअ‍ॅपला त्यातून वगळलं आणि थांबलं ते.

आजींचा मुलगा सप्टेंबरमध्ये परत बोटीवर गेला. जाताना त्यांनी त्याच्याकडून दोन गोष्टी लिहून घेतल्या, बोट कुठल्या तारखेला कुठल्या बंदराला लागणार आणि कंपनीच्या ऑफिसचा फोन नंबर, कारण तीस दिवसांच्या वर गेलं तर मेसेजवर अवलंबून राहता येणार नाही हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं. ऑक्टोबरमध्ये पाच दिवस एक टिक होती. त्यांनी मेसेज परत पाठवला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "बोटीर नेट नाय आसात. थय बसान रवलो हा तो, जाताच आता कधी तरी."